साठ जणांचा रिप्लाय ऑल एका मेलने कसा थांबवायचा

प्रश्न: आमच्या विभागात साठेक लोकांना गेलेल्या एका मेलवर सकाळपासून रिप्लाय ऑल चाललंय. मुद्दा खरा आहे आणि माझ्याच कामाशी संबंधित आहे, पण बोलताहेत चार-पाच जण आणि ऐकताहेत सगळे. एकाने ‘कृपया रिप्लाय ऑल करू नका’ लिहिलं, तर त्यालाच उत्तरं आली, तीही सगळ्यांना. साहेबसुद्धा त्यात आहेत. एकच मेल टाकून हे थांबवता येतं का? नेमकं काय लिहू?

उत्तर:

येतं. पण तो मेल आत्ता लगेच पाठवू नका. आधी दहा मिनिटं काढून थ्रेड वरपासून खालपर्यंत वाचा आणि कोण काय म्हणतंय त्याचा हिशेब कागदावर मांडा. मी बरीच वर्षं एका मोठ्या संस्थेची मेल व्यवस्था सांभाळली, आता प्रकल्प समन्वयाचं काम करतो. दोन्हीकडे माझा अनुभव एकच आहे: थांबवणारा मेल फसतो तो बहुतेक वेळा या हिशेबाशिवाय पाठवला म्हणून.

माझ्याकडचंच एक उदाहरण घेऊन सांगतो, म्हणजे हवेत बोलणं होणार नाही. पाळी बदलताना भरायचा एक नवा फॉर्म १ तारखेपासून लागू होणार होता. तसा मेल ५८ जणांना गेला. तीन तासांत त्यावर २७ उत्तरं आली, सगळी सगळ्यांना. मी मोजली. त्यातली १४ फक्त पाच जणांची होती आणि ती कामाची होती, रात्रपाळीचा हँडओव्हर या फॉर्मात बसत नाही असा त्यांचा मुद्दा होता. सहा उत्तरं ‘नोंद घेतली’, ‘धन्यवाद’ या जातीची. चार फुटकळ शंका होत्या, फॉर्म कुठे मिळेल वगैरे. दोघांनी ‘माझा याच्याशी संबंध नाही, मला वगळा’ असं लिहिलं होतं. आणि एकाने, तुमच्याकडच्यासारखंच, ‘रिप्लाय ऑल नको’ म्हणून रिप्लाय ऑल केला होता.

म्हणजे ५८ जणांच्या इनबॉक्सांत मिळून दीड हजारांवर मेल पडले, आणि त्यामागे खरा वाद पाच जणांचा होता. हे पाच जण कोण, आणि ते नेमके कशावर अडलेत, एवढं कळलं की अर्धं काम झालं. १४ मेल नीट वाचल्यावर दिसलं की प्रश्न तीनच आहेत. फॉर्म जाणाऱ्या पाळीने भरायचा की येणाऱ्या? त्याला लागणारी दहा-पंधरा मिनिटं पाळीच्या तासांत धरायची की नाही? आणि नोंद राहून गेली तर जाब कुणाला विचारायचा? बाकी सगळं याच तीन प्रश्नांचं वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा दळण होतं.

‘रिप्लाय ऑल करू नका’ हे वाक्य का चालत नाही, ते आता सोपं होईल. ज्याला खरंच काही म्हणायचंय त्याला ते म्हणायला दुसरी जागा तुम्ही दिलेली नाही. त्याचा मुद्दा अजून त्याच्या पोटात आहे आणि समोर एकच दार उघडं आहे, तर तो तिथूनच येणार. वर त्या मेलमध्ये ५८ पत्ते जसेच्या तसे आहेत, म्हणजे थ्रेडमधला सर्वांत ताजा मेलही सगळ्यांकडेच उत्तर पाठवायला तयार बसलेला. आणि त्यात एक टपली मारलेली असते. ‘मी तर कामाचं लिहीत होतो’ हे सांगायला माणूस हमखास परत येतो.

या प्रकाराचा सर्वांत गाजलेला किस्सा १९९७ सालचा, मायक्रोसॉफ्टमधला. कर्मचाऱ्यांना बेडलाम डीएल३ नावाच्या एका यादीत आपण आहोत असा शोध लागला. एकाने ‘मला यातून काढा’ असं लिहिलं, मग ‘मलाही’ म्हणणाऱ्यांची रांग लागली, मग ‘उत्तरं देणं थांबवा’ म्हणणाऱ्यांची. शेवटी मेलची संख्या दीड कोटींच्या घरात गेली आणि सर्व्हरनी मान टाकली. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, २०२० मध्ये, त्याच कंपनीने आपल्या ऑफिस ३६५ मध्ये अशा वादळावर आपोआप बांध घालायची सोय केली. सुरुवातीचं तिचं माप असं होतं: ५,००० हून जास्त लोकांना गेलेल्या मेलवर तासाभरात १० रिप्लाय ऑल आले, की पुढचे चार तास त्या थ्रेडवरचे रिप्लाय ऑल अडवायचे. पुढे हे आकडे प्रशासकांना थोडे कमीजास्त करता येऊ लागले, पण सोय बांधलेली आहे ती हजारोंच्या याद्यांसाठी. साठ जणांच्या थ्रेडकडे ती ढुंकूनही पाहणार नाही. म्हणून तो माणसानेच थांबवायचा असतो.

आता मेलच्या रचनेकडे येऊ. शब्दांइतकंच, किंबहुना थोडं जास्तच, काम पत्त्यांच्या रकान्यांचं आहे. ‘टू’मध्ये फक्त ते पाच जण आणि तुम्ही. सीसी रिकामा. बाकी सगळे बीसीसीत. बीसीसीतल्या माणसाला तुमचा मेल मिळतो, पण त्याने रिप्लाय ऑल दाबलं तरी उत्तर तुम्हाला आणि ‘टू’मधल्या पाच जणांनाच जातं, बीसीसीतल्या इतरांना नाही, कारण ते पत्ते त्याच्या मेलमध्ये मुळी नसतातच. थोडक्यात, तुमच्या या मेलला कुणी कसंही उत्तर दिलं तरी ते साठ जणांपर्यंत पोहोचायचा रस्ता उरत नाही. कुणाला विनंती करावी लागत नाही, कुणाच्या शिस्तीवर विसंबावं लागत नाही.

मग बाकीच्यांना सरळ वगळूनच का टाकू नये, असं विचारणारे भेटतात. कारण वगळलेल्यांना चर्चा हलल्याचं कळतच नाही. त्यांच्यासमोर तासाभरापूर्वीचा मेल शेवटचा म्हणून उभा असतो, त्यात साठ पत्ते असतात, आणि जेवून आलेला एखादा निवांतपणे त्यालाच उत्तर देतो. त्यांना शेवटचा एक मेल मिळायलाच हवा. फक्त बीसीसीत ठेवलंय हे मेलमध्ये उघड लिहा. एरवी बीसीसीला चोरून ऐकवण्याचा वास येतो. उघड सांगितलं की तो जातो, आणि ‘मला का काढलं?’ हा प्रश्नही उगवत नाही.

याची एक मर्यादा मात्र पक्की लक्षात ठेवा. तुमचा मेल फक्त स्वतःलाच कुलूप लावतो. आधीचे २७ मेल प्रत्येकाच्या इनबॉक्समध्ये तसेच पडून आहेत, प्रत्येकात सगळे पत्ते आहेत, आणि त्यातल्या कुणालाही उत्तर देता येतं. तरीही ही युक्ती चालते, कारण लोक थ्रेडच्या तळाशी असलेल्या मेललाच उत्तर देतात. जीमेलमध्ये संभाषण उघडून खालचं उत्तराचं बटण दाबलं की ते शेवटच्या मेललाच लागू होतं. मागचा मेल हुडकून त्याला उत्तर देणारे थोडेच. तेव्हा सगळा खेळ एकाच गोष्टीचा आहे: तुमचा मेल थ्रेडच्या तळाशी दिसला पाहिजे आणि काही वेळ तळाशीच राहिला पाहिजे.

यातून दोन गोष्टी निघतात, आणि त्यातली पहिली बहुतेकांच्या सवयीविरुद्ध आहे. विषय बदलू नका. ‘चर्चा हलवली’ असं ठसठशीत विषयात घालायचा मोह होतो, मलाही झाला होता. पण विषय बदलला की जीमेल त्या मेलला नवं संभाषण धरतं, इतर काही प्रोग्रामही तेच करतात. मग तुमचा मेल भलतीकडे एकटा उभा, आणि जुना थ्रेड जुन्याच शेवटच्या मेलसह जिवंत. पहिल्यांदा मी नेमका असाच फसलो. सुबक विषय घालून मेल पाठवला आणि जुन्या थ्रेडवर पुढचे अकरा मेल आले, त्यातल्या एकात विचारलं होतं की यावर कुणी निर्णय घेणार आहे का. म्हणून नवा मेल लिहायला घेऊ नका. थ्रेडमधला सर्वांत ताजा मेल उघडा, त्यालाच रिप्लाय ऑल करा, विषयाला हात लावू नका, आणि मग पत्ते ‘टू’मधून उचलून बीसीसीत टाका. पत्ते हलवताना मजकुराची जागा रिकामीच ठेवा. अर्धवट मेल निसटला तर तुमचाच मेल अठ्ठाविसावा ठरेल. जीमेलमध्ये पाठवलेला मेल मागे घ्यायची मुदत ३० सेकंदांपर्यंत वाढवता येते, ती आधी वाढवून घ्या.

दुसरी गोष्ट वेळेची. दर दोन मिनिटांनी मेल येत असताना तुमचा मेल टाकलात तर तो तळाशी टिकणार नाही. पाच-सहा जण त्याच क्षणी उत्तर टाइप करत बसलेले असतात, त्यांची उत्तरं तुमच्या मागोमाग पडतात आणि तुमचा मेल मधल्या गर्दीत गडप होतो. ओसर येऊ द्या. पंधरा-वीस मिनिटं कुणी बोललं नाही की पाठवा. जेवणाच्या सुट्टीची सुरुवात मला सर्वांत मानवली आहे, कारण परत आल्यावर लोक थ्रेड उघडतात तो थेट तळाशी. साहेबांचा मेल नुकताच आलेला असेल तर अजून थांबा. त्यांच्या वाक्यावर लगेच आपला पडदा टाकणं बरं दिसत नाही, आणि त्यांच्या मेलला ‘होय सर’ म्हणणारे रांगेत असतातच.

मूळ मेल व्यक्तींच्या पत्त्यांऐवजी एखाद्या गटाच्या पत्त्यावर गेला असेल, तर आधी एक गोष्ट तपासावी लागते. काही याद्या प्रत्येक मेलवर `Reply-To` म्हणून यादीचाच पत्ता चिकटवतात. तसं असेल तर यादी बीसीसीत टाकूनही उपयोग नाही, साधा रिप्लायसुद्धा सगळ्यांकडे जाईल. ओळखायला सोपं आहे: यादीवरून आलेल्या कुठल्याही मेलवर नुसतं रिप्लाय दाबा, ऑल नाही, आणि वर कुणाचा पत्ता येतो ते पाहा. माणसाचा आला तर ठीक. यादीचा आला तर बीसीसीच्या नादी न लागता यादी चालवणाऱ्याला गाठा. तो काही तासांसाठी यादी फक्त ठरावीक लोकांनाच लिहिता येईल अशी करू शकतो. याशिवाय मेलमनसारख्या याद्यांमध्ये पत्ता ‘टू’ किंवा सीसीत नसेल तर मेल मंजुरीसाठी अडकवून ठेवायची सोय असते. तुम्हाला वाटतं पाठवला, आणि तो कुणाला मिळालेलाच नसतो. यादीतल्या एखाद्या ओळखीच्या माणसाला फोन करून मेल पोहोचला का ते विचारून घ्या.

हे झालं यंत्राचं. आता चर्चा जिथे न्यायची ती जागा. ती मेल पाठवायच्या आधी तयार, उघडी आणि थोडी भरलेली हवी. ‘याबद्दल आपण वेगळं बोलू’ ही जागा नव्हे, ती टाळाटाळ झाली. ‘मी उद्या मीटिंग लावतो’ हेही कमजोर, कारण उद्यापर्यंत काय करायचं हे त्यात नाही, आणि ज्याला आत्ता बोलायचंय तो आत्ताच बोलणार, म्हणजे परत इथेच. माझ्या उदाहरणात मी ऑनलाइन सामायिक कागदाचं एक पान उघडलं, तिन्ही प्रश्न ठळक लिहिले आणि प्रत्येकाखाली त्या पाच जणांनी मेलमध्ये मांडलेली मतं त्यांच्या नावासह एकेका ओळीत उतरवली. याला वीस मिनिटं लागली आणि ती सर्वांत सार्थकी लागली. माणूस नव्या जागी जातो तो आपलं म्हणणं तिथे आधीच पोहोचलंय हे दिसलं म्हणून. कोरं पान दिलंत तर त्याला सगळं पुन्हा लिहावं लागतं, आणि त्यापेक्षा जुन्या थ्रेडवर ‘वर म्हटल्याप्रमाणे’ लिहिणं सोपं असतं.

जागा उघडी आहे म्हणजे त्या पाचही जणांसाठी उघडी आहे का, तेही पाहा. एकदा मी अशीच चर्चा एका चॅट ग्रुपवर नेली. बोलणाऱ्यांपैकी दोघांना तिथे प्रवेशच नव्हता. त्यांनी ते कळवलं कुठे? जुन्या थ्रेडवर, सगळ्यांना. त्यावर तिसऱ्याने आपल्यालाही लिंक उघडत नसल्याची भर घातली, आणि मग दुपारभर लिंक हाच विषय. तेव्हापासून मी लिंक ब्राउझरच्या खाजगी खिडकीत किंवा दुसऱ्याच्या संगणकावर उघडून बघितल्याशिवाय पाठवत नाही.

आता मेल. माझा असा होता:

> नमस्कार,
>
> रात्रपाळीच्या हँडओव्हरची चर्चा आता या पानावर घेतली आहे: (लिंक). तुमचे आतापर्यंतचे मुद्दे तीन प्रश्नांखाली तिथे उतरवले आहेत. ‘टू’मधल्या पाच जणांनी गुरुवारी दुपारी ४ पर्यंत पुढचं तिथे लिहावं.
>
> बाकी सर्वांना बीसीसीत ठेवलं आहे, तुम्हाला काही करायचं नाही. फॉर्म १ तारखेपासून सुरू होतोय, त्यात बदल नाही. रात्रपाळीचं जे ठरेल ते मी शुक्रवारी सर्वांना एका मेलने कळवेन. कुणाला मत द्यायचं असेल तर पान सर्वांसाठी खुलं आहे.

एवढंच. यात काय नाही ते बघा. रिप्लाय ऑल हा शब्द नाही. किती मेल झाले याचा हिशेब नाही, इनबॉक्स भरल्याची तक्रार नाही, ‘सर्वांच्या वेळेचा मान ठेवून’ नाही. सुरुवातीला माफीही नाही. माफीने लोकांना ‘अहो, त्यात काय!’ म्हणावंसं वाटतं आणि तेही मेलनेच.

पहिल्याच वाक्यात लिंक आहे, कारण फोनवर यादीत मेलची सुरुवातीचीच ओळ-दीड ओळ दिसते आणि अर्धे लोक तेवढंच वाचतात. तेवढ्यातून चर्चा दुसरीकडे गेली आहे हे कळलं पाहिजे. ‘आपण सर्वांनी मांडलेल्या बहुमोल विचारांबद्दल’ अशी सुरुवात केलीत तर ती ओळ वाया गेली.

‘तुम्हाला काही करायचं नाही’ हे वाक्य दिसतं साधं, पण त्या ‘नोंद घेतली’ लिहिणाऱ्या सहा जणांचं औषध ते आहे. आपण उत्तर दिलं नाही तर मेल वाचलाच नाही असं धरलं जाईल, ही त्यांची भीती. काही करायचं नाही म्हटलं की ती जाते. ‘त्यात बदल नाही’ हे वाक्य फुटकळ शंकावाल्यांसाठी. इतका वाद चाललाय म्हणजे फॉर्म रद्द होणार की काय, ही कुजबुज तिथेच संपते. अर्थात जे खरोखर ठरलंय तेवढंच लिहा. मूळ निर्णयच डळमळीत असेल तर तो कायम असल्याचं तुम्ही आपल्या मनाने जाहीर करू नका, ते वाक्य गाळा.

शुक्रवारचं आश्वासन मात्र गाळू नका. ५८ पैकी बहुतेकांना चर्चेत रस नसतो, निकालात असतो. निकाल कधी आणि कुणाकडून मिळणार हे कळलं की ते निवांत होतात. नाही कळलं तर आठवडाभराने कुणीतरी तोच जुना थ्रेड उघडून ‘याचं पुढे काय झालं?’ विचारतो आणि गाडी परत सुरू. मी शुक्रवारचा मेल गुरुवारी रात्रीच लिहून ठेवला होता. तो नवा मेल होता, नव्या विषयाचा, सगळे बीसीसीत आणि ‘टू’मध्ये मी एकटा. जुना थ्रेड उकरून काढण्याचं इथे काहीच कारण नव्हतं.

साहेबांचं काय? त्यांना मेलच्या आधी सांगा, फोनवर किंवा दारात डोकावून. ‘मी चर्चा या पानावर नेतोय, शुक्रवारी निष्कर्ष कळवतो, चालेल ना?’ एवढं पुरतं. तुमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे ते ‘टू’मध्ये राहतील की नाही हे त्यांनाच ठरवू द्या. माझ्या साहेबांनी ‘मला नको’ म्हटलं. न सांगता त्यांना बीसीसीत टाकणं मी टाळतो. त्यांनी काही मनात न आणता जुन्याच मेलवर एक ओळ टाकली तर सगळी बैठक मोडते, कारण मोठ्या माणसाने जिथे उत्तर दिलं तीच खरी जागा असं बाकीचे समजतात. आणि हा मुद्दा तुमच्या कामाचा आहे म्हणूनच मेल तुम्ही पाठवा म्हणतोय. ज्याच्याकडे निर्णय किंवा निदान निर्णयाचा पाठपुरावा नाही, त्याने पाठवलेला असाच मेल आगाऊपणा वाटतो. तसं असेल तर मसुदा तयार करून योग्य माणसाच्या हातात द्या.

पाठवल्यानंतर पहिल्या तासाभरात एक-दोन चुकार मेल जुन्या थ्रेडवर येतील. माझ्याकडे दोन आले. त्यांच्यामागे सगळ्यांदेखत धावू नका. चुकाराला एकट्याला, साध्या रिप्लायने लिहा: ‘तुमचा मुद्दा पानावर दुसऱ्या प्रश्नाखाली टाकला आहे, पाहून घ्या.’ आणि तो खरंच टाका. दोन्ही वेळा माणसं मुकाट्याने पानावर आली. मात्र असा चुकार मेल सगळ्या पत्त्यांसह पुन्हा थ्रेडच्या तळाशी बसतो हे खरं, म्हणून तासाभर लक्ष असू द्या. दोनाचे पाच झाले तर समजा की जागा चुकली, किंवा पाचात न धरलेला सहावा कुणीतरी आहे ज्याचा प्रश्न त्या पानावर नाही. त्याला शोधून फोन करा. दुसरा ‘चर्चा हलवली’ मेल पाठवलात तर पहिल्याचंही वजन जातं.

दोन प्रसंगी मी हा उपाय वापरत नाही. एक, मेल चुकून हजारो लोकांच्या यादीवर गेलाय आणि सगळे फक्त ‘मला काढा’ म्हणताहेत. तिथे हलवायला चर्चाच नसते. तुम्ही थ्रेड म्यूट करा (जीमेलमध्ये `Mute`, आउटलुकमध्ये `Ignore`), मेल व्यवस्था बघणाऱ्याला कळवा आणि गप्प राहा.

दुसरा प्रसंग जास्त नाजूक आहे. कधीकधी लोक रिप्लाय ऑल चुकून करत नाहीत, मुद्दाम करतात. वरिष्ठांनी कानाडोळा केलेली तक्रार सगळ्यांसमोर यावी, साक्षीदार असावेत, म्हणून. अशी चर्चा पाच जणांच्या बंद ग्रुपवर नेलीत तर ती दडपली असंच दिसेल, आणि ते फारसं खोटंही नसेल. माझ्या उदाहरणातला जास्तीच्या पंधरा मिनिटांचा प्रश्न थोडा याच जातीचा होता, त्यात पगाराचे तास गुंतलेले होते. म्हणूनच पान सर्वांसाठी खुलं ठेवलं आणि तसं मेलच्या शेवटी लिहिलं. त्या पानावर पाचाखेरीज अजून तिघांनी लिहिलं. पान उघडून पाहणारे बरेच होते, पण वाचून झाल्यावर ते आपापल्या कामाला लागले. तुमच्या थ्रेडमध्ये असा प्रश्न आहे का, हे मला इथून कळणार नाही. ते पाच जणांचे मेल पुन्हा वाचाल तेव्हा तुम्हाला कळेल. असेल तर बंद ग्रुपऐवजी उघडं पानच निवडा, आणि त्या प्रश्नाचं उत्तर कोण देणार त्याचं नाव, त्याला विचारून, मेलमध्येच लिहा.